औषध आलं की कळवू

माणसाचा जीव देहात नसतो, औषधाच्या दुकानातल्या वहीत असतो, असं आमचे शेठ म्हणत. म्हणताना ते डोळे अर्धे मिटत आणि उजवा हात वहीवर ठेवत. कोर्टात साक्षीदार ठेवतो तसा.

ती वही म्हणजे एका बियाणं कंपनीनं फुकट वाटलेली गेल्या वर्षाची डायरी होती. छापलेले वार आणि चालू वार जुळत नसत, म्हणून वरचा वार खोडून आम्ही हातानं नवा लिहायचो. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीविषयी एक सल्ला होता. त्यामुळे हृदयविकाराच्या गोळ्यांखाली तूर कधी पेरावी ते वाचायला मिळे.

वसमतला स्टँडजवळ हे दुकान होतं. परभणी जिल्ह्यातून निघून आम्ही नव्या हिंगोली जिल्ह्यात गेलो त्याच्या आगेमागेची ही गोष्ट आहे. मी तिथे फार्मासिस्ट होतो. कायद्यानं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं, तेव्हा मी एकाच वेळी काचेच्या चौकटीत भिंतीवर होतो आणि तिच्या खाली उभाही होतो. गिऱ्हाइकं दोघांकडे बघत नसत. ती थेट शेठकडे बघत, कारण खुर्ची त्यांना होती.

वहीचं काम असं चाले. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं आणि त्यातलं एखादं औषध आमच्याकडे नसलं, की मी वहीत लिहून घ्यायचो. औषध कोणतं, किती मिलीग्रॅमचं, किती हवं, कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि निरोप कुठे द्यायचा. दुपारी नांदेडच्या होलसेलवाल्याला फोन करून यादी वाचायची. त्याच्याकडे असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं खोकं यायचं. नसलं तर तो एकच शब्द म्हणायचा, "शॉर्ट." मग दुसऱ्या होलसेलवाल्याला फोन. तोही शॉर्ट म्हणाला की कंपनीकडून माल सुटेपर्यंत रोज दुपारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. खोकं आलं की बिलाशी ताडून, बॅच आणि मुदत बघून, ज्याचं औषध त्याच्या चिठ्ठीसकट रबर लावून खालच्या खणात ठेवायचं. मग गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि नोंदीपुढे बरोबरची खूण करायची. तो येऊन औषध घेऊन गेला, की नोंदीवर आडवी रेघ मारायची.

खूण नसेल तर रेघ मारायची नाही, हा शेठचा नियम होता. न कळवता औषध गेलं तर सेवेत खंड पडला असं होतं, असं त्यांचं म्हणणं. दाराशी त्यांनी रंगवून घेतलेली पाटीही होती. "अनुपलब्ध औषध प्राप्त होताच ग्राहकास दूरध्वनीद्वारे अवगत करण्यात येईल." गिऱ्हाइकं ती वाचून मला विचारायची, "म्हंजे काय?" मी सांगायचो, "औषध आलं की कळवू."

कळवणं मात्र सोपं नव्हतं. ज्याच्या घरी फोन होता त्याला औषधासाठी सहसा वसमतला यावं लागत नसे, तो नांदेडलाच जाई. आमच्या वहीतले बहुतेक नंबर पी.पी. होते, म्हणजे शेजाऱ्याचे, किराणा दुकानाचे, पोस्टाचे नाहीतर गावातल्या एसटीडी बूथचे. फोन लागला की पलीकडचा माणूस आधी आपली स्वतःची तब्येत सांगायचा, मग आपण कोणासाठी फोन केला ते विचारायचा. पुढे पाच-सात वर्षांनी सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि पी.पी. हा शब्द वहीतून गेला. त्याच्या जागी "स्विच ऑफ" असा शेरा आला. पण ते पुढचं.

एका मंगळवारी दुपारी तांड्यावरची एक म्हातारी दुकानात आली. तांडा डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावाला लागून होता, मधे एक ओढा आणि दीडेक किलोमीटर वाट. गावात तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे बंजारा बोलीत आई. म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून एक चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"या गोळ्या दे रे भाऊ. दोन म्हैन्याच्या."

गोळ्या फिटच्या होत्या. चिठ्ठी नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरची होती. वय वर्षे दहा, मुलगी. सकाळी एक, संध्याकाळी एक. खाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढून लिहिलं होतं की कंपनी बदलू नये आणि एकही दिवस खंड पडू देऊ नये. आमच्याकडे त्या गोळ्या नव्हत्या.

"नांदेडहून मागवाव्या लागतील, आजी. पट्टीत किती उरल्यात?"

तिनं बोटानं दाबून दाबून मोजल्या. "धा."

"आजची संध्याकाळची धरून?"

"आजची येगळी ठिवली हाय घरी. म्या काय येडी हाय काय?"

म्हणजे बुधवार ते रविवार. मी नोंद केली आणि तिच्यासमोरच नांदेडला फोन लावला. शॉर्ट. दुसऱ्यानं सांगितलं, कंपनीचा माल औरंगाबादला उतरलाय, शुक्रवारपर्यंत येईल. म्हणजे आमच्याकडे शनिवारी. एक दिवस हातात राहत होता.

"शनिवारी येतील. निरोप कुठे देऊ?"

"गावात बूथ हाय. त्याला फोन कर. नंबर या चिठ्ठीच्या मागं हाय."

"आणि काय सांगू? तांड्यावरच्या आजीच्या नातीच्या..."

तिनं काउंटरवर हात आपटला. शेठनी पेपरातून मान वर केली.

"काई सांगू नको! पोरीचं नाव न्हाई, तांड्याचं नाव न्हाई, रोगाचं तर न्हाईच न्हाई. पोरीची जात हाय. उद्या सोयरिकीला कोन उभं ऱ्हाईल? फकस्त इतकंच म्हन, मेडिकलमधून बोलतो, औषध आलं. मी रोज सांजच्याला तिथून जाते मजुरीहून. मी इचारून घेते."

"बूथवाल्याला कळेल का, कोणाचं ते?"

"त्याला काहून कळाय पायजे? मला कळलं म्हंजे झालं."

यात मला काही खोट दिसली नाही. खरं तर मला ते शहाणपणाचं वाटलं. वहीत मी लिहिलं, "निरोप: औषध आलं, एवढंच." खाली छापील सल्ला होता की पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासून घ्यावी.

शनिवारी सकाळच्या गाडीनं खोकं आलं. बॅच बघितली, मुदत बघितली, बारा पट्ट्या रबर लावून खणात ठेवल्या आणि अकराच्या सुमारास फोन लावला. चौथ्या वेळी लागला.

"हॅलो, वसमतच्या मेडिकलमधून बोलतोय. औषध आलं म्हणून सांगा."

"कोनाला?"

"विचारायला येतील त्यांना."

"बराबर," बूथवाला म्हणाला आणि मग त्यानं आपल्या पित्ताविषयी विचारलं. मी उत्तर दिलं, फोन ठेवला, खूण केली.

त्या खुणेचा एक दोष असा होता, की ती केली की काम झाल्यासारखं वाटायचं. वही मिटली, की औषध आलेलं असायचं, कळवलेलं असायचं, आणि उरलेला प्रश्न गिऱ्हाइकाच्या पायांचा असायचा. शनिवारी कोणी आलं नाही. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असे. मी बंद करताना खण उघडून पाहिला. पट्ट्या तिथेच होत्या. संध्याकाळची गोळी शेवटची, हे मला आठवलं. बूथला फोन लावला, पण रविवारी बूथवाला दुपारी जेवायला जाऊन झोपत असावा. वाजून वाजून बंद झाला.

सोमवारी दहाच्या गाडीनं एक माणूस उतरून थेट दुकानात आला. डोक्याला मळकं पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गडी मेंढ्या पाळणारा होता आणि मी त्याला ओळखत होतो, कारण महिना झाला त्याचंही औषध वहीत होतं. मेंढ्यांच्या जंताचं. आमच्याकडे जनावरांचीही थोडी औषधं असायची. त्याला लिटरभराचा एका ठरावीक कंपनीचा कॅन हवा होता आणि तो सतत शॉर्ट होता. दुसरा चालणार नाही, गेल्या साली हाच लागू पडला, असं त्यानं निक्षून सांगितलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांइतकंच निक्षून.

"द्या मालक आमचं औषध," त्यानं काठी काउंटरला टेकवली.

"मामा, तुमचं अजून आलंच नाही."

"आलं न्हाई? अन् मग पाटीवर काहून लिवलं?"

"कुठल्या पाटीवर?"

"बूथवाल्याच्या पाटीवर! शनवारी लिवलं. वसमत मेडिकल, औषध आलं. समद्या गावानं मला सांगितलं, मामा तुमचं औषध आलं, मामा तुमचं औषध आलं. मारुतीच्या पारावर सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. काल मेंढरं लांब व्हती म्हून आज आलो."

तेव्हा मला समजलं. बूथच्या दारावर पोरांची एक दगडी पाटी टांगलेली होती. ज्यांना फोन आला त्यांची नावं बूथवाला तिच्यावर खडूनं लिहायचा. माझ्या निरोपात नाव नव्हतं म्हणून त्यानं नावाशिवाय लिहिलं. आणि गावात वसमतच्या औषधाची वाट बघणारा एकच माणूस सगळ्यांना माहीत होता. महिनाभर मेंढ्यांच्या जंतांविषयी सगळ्या गावाला सांगत फिरणारा.

"बूथवर आणखी कोणी विचारायला आलं होतं का, मामा?"

"मला काय ठावं? तांड्यावरची म्हातारी आली व्हती म्हनं दोनदा. बूथवाला म्हनला तिला, आलं ते मेंढीवाल्याचं आलं. म्हातारी बडबड करत गेली. तुमी माझं बोला. माझा आजचा दिस गेला का न्हाई?"

शेठ पेपर घडी करत म्हणाले, "अहो, तकलीफ झाली खरी. पण कळवण्यात आमची कुचराई नाही. वहीत खूण आहे."

"खूण मेंढरांला पाजू का?" मामा म्हणाला.

माझ्या हिशेबानं सोमवारची सकाळची गोळी मुलीला मिळाली नव्हती. बूथला पुन्हा फोन करायचा, तर म्हातारी संध्याकाळी मजुरीहून येणार, निरोप घेणार, मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघणार, म्हणजे मंगळवारी दुपारी घरी. तीन गोळ्या चुकणार. मी काउंटरबाहेर आलो.

"मामा, तुम्ही आता गावाला परत जाणार ना?"

"न्हाई तं काय हितंच मेंढ्या चारू?"

"एक पुडकं न्याल का? तांड्यावरच्या आजीला द्यायचं. तिच्याच हातात. आज."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "म्हंजे फोन तिचा व्हता."

मी खणातून पट्ट्या काढल्या.

"कशाच्या गोळ्या हायत?"

"ताकदीच्या."

"ताकदीच्या गोळ्यांसाठी मला पळवून राहिले तुमी," तो म्हणाला. "म्हातारी पैलवान व्हनार हाय वाटतं." पण हात पुढे केला. मी बारा पट्ट्या कागदात गुंडाळून, वर गोळ्या घ्यायच्या वेळा लिहून, दोरा बांधून दिल्या. त्यानं पुडकं बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि काठी उचलली.

"अन् माझं औषध?"

"आलं की कळवू."

"या खेपेला पाटीवर माझं नाव लिवायला सांगा," तो म्हणाला. "माझी मेंढरं लाजत न्हाईत."

औषध चिठ्ठीवाल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देणं नियमात बसतं का, याचा विचार मी तो गेल्यावर केला. आधी केला असता तर पुडकं खणातच राहिलं असतं. शेठनी मात्र लगेच विचारलं, "रेघ मारायची का?" खूण होती, माल गेला होता. रेघ मारायला हरकत नव्हती. मी म्हणालो, थांबू या. चार दिवस ती नोंद तशीच खूण घेऊन उभी राहिली आणि मी येता-जाता तिच्याकडे बघत होतो.

शुक्रवारी म्हातारी आली. आल्या आल्या तिनं दुकानाच्या पायरीवर बसून आधी पाणी मागितलं. मी दिलं.

"पोहोचल्या का गोळ्या?"

"पोचल्या. सोमवारी पाच वाजता. मेंढीवाला घरी आला."

"आणि पोरगी?"

"सोमवारी सकाळी आली तिला. उलीशीच. घरातच व्हती, साळंला निघायच्या आधी. कोनी पायलं न्हाई." तिनं आणखी एक घोट घेतला. "माझी बी चुकी हाय. बूथवाला म्हनला औषध तुझं न्हाई, मेंढीवाल्याचं हाय, तवा म्या म्हनलं आता कवा येतंय कोन जानं, पुरवून पुरवून देऊ. शनवार सांजपासून अर्धी अर्धी केली गोळी."

या गोळ्या अर्ध्या करायच्या नसतात. वरचं आवरण अशासाठी असतं, की गोळी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी. शिवाय फोडलेल्या गोळीला हवेतली ओल लगेच लागते. मी तिला हे सांगायला तोंड उघडलं.

"सांगितलं मला त्यानं," ती म्हणाली.

"कोणी?"

"मेंढीवाल्यानं. पुडकं माझ्या हातात देलं अन् अर्धी गोळी दिसली त्याला फळीवरच्या वाटीत. म्हनला, याडी, ही गोळी तोडायची न्हाई. माझ्या भावजयीनं तोडली व्हती, दवाखान्यात न्यावं लागलं." तिनं पाण्याचा लोटा खाली ठेवला. "त्याच्या धाकल्या भावाला बी हायत म्हनं ह्याच गोळ्या. सात साल झाले. गावात कोनाला ठावं न्हाई. म्हनला, तू माझं सांगू नको, मी तुझं सांगत न्हाई."

मग ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् तू त्याला ताकदीच्या म्हनून सांगितलं व्हय? हासत व्हता लई."

मी वही उघडून रेघ मारली.

त्यानंतर निरोपाची पद्धत बदलायची ठरली. नाव सांगता येत नाही, रोग सांगता येत नाही, आणि काहीच न सांगता औषध भलत्याला जातं. मी वहीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कायमचा एक आकडा द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला चिटोऱ्यावर आकडा लिहून द्यायचा आणि फोनवर फक्त आकडा सांगायचा. म्हातारीला सतरा मिळाला, मेंढीवाल्याला नऊ. बूथवाल्याला काही कळायची गरज राहिली नाही, त्यानं पाटीवर आकडा लिहायचा, ज्याचा असेल तो येईल. आठवड्याभरात तीन-चार गावांच्या बूथवर आमचे आकडे लागले.

यात एक अडचण आली. रोज सकाळी पाटीवर एक-दोन आकडे खडूनं लिहिलेले, खाली काही नाव नाही, आणि काही लोक येऊन ते बघून गुपचूप जातात. गावाचा समज व्हायला वेळ लागला नाही. म्हातारीच्या गावात एका गृहस्थानं आमच्या आकड्यावर मटका लावला. दुसऱ्या एका गावचा बूथवाला मला फोनवर कळवळून म्हणाला, "भाऊ, जमादार येऊन गेला. तुमच्या गोळ्यापायी माझा बूथ जाईल." तेव्हा आकड्याच्या आधी "मे." लिहायचं ठरलं. तरी तो गृहस्थ म्हणत राहिला म्हणतात, की मेडिकलचा आकडा लागतो.

शेठना आकड्यांची पद्धत फार आवडली. दोन दिवसांत ती त्यांची झाली. औषधवाल्यांच्या तालुका मंडळाची बैठक होती, तिथं त्यांनी ती मांडली. मला दुकान सांभाळायचं होतं, पण मंडळाच्या कारकुनानं नंतर सगळं साग्रसंगीत ऐकवलं. शेठ म्हणाले, माणसाचा जीव देहात नसतो, वहीत असतो. मग त्यांनी एका दुर्गम तांड्याचं वर्णन केलं. तांडा डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर होता आणि वाटेवर विजेचे खांब होते. ओढा मात्र शेठनी दुथडी भरून वाहवला. मेंढीवाला "आमचा खास दूत" झाला. मी धास्तावून विचारलं, गावाचं नाव घेतलं का, पोरीला काय होतं ते सांगितलं का. कारकून म्हणाला, "छे. कोणतं गाव, कोणता रोग, काहीच कळलं नाही. टाळ्या मात्र पडल्या." त्या एका बाबतीत शेठचं भाषण निर्दोष होतं.

मंडळानं शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिलं. "रुग्णसेवेतील तत्पर संपर्क यंत्रणेबद्दल." प्रमाणपत्राला सोनेरी चौकट होती. माझ्या प्रमाणपत्राच्या शेजारी, पण चार बोटं वर लावायचं ठरलं. शेठनी स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला. तिसऱ्या घावाला खिळा आत गेला. भिंतीतून फोनची वायर तिथूनच खाली टेबलाकडे आलेली होती.

फोनचा आवाज बंद झाला. तक्रार लिहून दिली. लाइनमन आठव्या दिवशी आला.

त्या आठ दिवसांत खोकी येत राहिली, कारण नांदेडची यादी आम्ही सकाळच्या कंडक्टरजवळ कागदावर लिहून द्यायला लागलो. पण कोणालाच कळवता आलं नाही. खण भरला, मग खणाखालचं फळकूट भरलं. दुसऱ्या दिवशीच मेंढ्यांच्या औषधाचा लिटरचा कॅन आला. खणात मावेना म्हणून मी तो काउंटरवर ठेवला.

पाचव्या दिवशी म्हातारी आली. तिच्या गोळ्या संपायला अजून पंधरा दिवस होते.

"फोन बंद आहे, आजी. तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळायचं त्यात? आता मी फोनची वाट बघत न्हाई. पंधरा दिस ऱ्हायले की येते." तिनं चिटोरं काढून काउंटरवर ठेवलं. "घे तुझा सतरा. लोकं इचारतेत, याडी आज कोनता आकडा येनार?"

मी नवी नोंद घेतली. तिची नजर भिंतीवरच्या सोनेरी चौकटीवर गेली.

"ते काय?"

"शेठचा सत्कार झाला. तुमच्या नातीचं औषध पोहोचवल्याबद्दल."

तिनं शेठकडे पाहिलं. शेठ पेपर वाचत होते.

"मेंढीवाल्याचा फोटो कोनता त्यात?"

"फोटो नाही, आजी. नुसता कागद आहे."

"बरं," ती म्हणाली. मग तिला काउंटरवरचा कॅन दिसला. "हे कशाचं?"

"मेंढ्यांचं. त्याचंच. तीन दिवस झाले येऊन. कळवता येत नाही."

तिनं काही न विचारता कॅन उचलला, पदरानं पुसला आणि कमरेवर घेतला, घागर घ्यावी तसा. पायरी उतरताना मागं वळून म्हणाली, "हे बी ताकदीचंच सांगू काय?"

ती समोरच्या गाडीत चढली. शेठनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "त्या नोंदीपुढे खूण आहे का?" नव्हती. फोन बंद होता, तेव्हा कळवलेलं नव्हतं. खूण नसेल तर रेघ मारायची नाही.

ती डायरी दुकान सोडताना मी घेऊन आलो, अजून माझ्याकडे आहे. एक सोडून सगळ्या नोंदींवर रेघा आहेत. नऊ नंबरचं औषध वहीप्रमाणे अजून कळवायचं बाकी आहे.